हॉस्टेलच्या नावावर गेलेल्या गोळ्या

अकोल्यात माझं औषधांचं दुकान आहे. बसस्टँडपासून जवळ, त्यामुळे घाईतलं गिऱ्हाईक जास्त. इतक्या वर्षांत मी दोनच कामांत तरबेज झालो. एक म्हणजे डॉक्टरांचं अक्षर वाचणं. दुसरं, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न पाहता सॅनिटरी पॅडचं पाकीट पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत टाकणं. यातलं दुसरं कौशल्य मला पुढे चांगलंच महागात पडलं आणि पहिलं भर दवाखान्यात माझ्यावरच उलटलं. तेच सांगतो.

पोरीला अमरावतीला सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा मी एक अट घातली. अकोल्यात कॉलेजं काय कमी आहेत, हे बोलून झालं होतं, त्यात मी हरलो होतो. हरलेला माणूस जाता जाता काहीतरी टाकून जातो, तसं मी टाकलं, "तब्येतीची तक्रार आली का सामान उचलायचं आन् घरी. मंग म्या ऐकणार नाई." मला वाटलं, बाप म्हणून असं काही बोलायचं असतं. संध्याकाळपर्यंत मी ते विसरलोही. तिनं मात्र ते पक्कं लक्षात ठेवलं.

पहिल्या सेमिस्टरच्या मध्याला तिचा मेसेज आला. दुखण्यावरच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या हव्यात, मासिक पाळीत मुली घेतात त्या. खाली लिहिलं होतं, हॉस्टेलच्या मुलींसाठी.

आमच्या घरात 'पाळी' हा शब्द कोणी उच्चारत नसे. 'अडचण' म्हणायची पद्धत, आणि तीही बायको स्वयंपाकघरात हळूच म्हणायची. पोरीनं चार मुलींच्या नावानं का होईना सरळ लिहिलं, याचं मला कौतुकच वाटलं. पट्टीवर लाल रेघ असते, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये असं त्यावर छापलेलं असतं. ती रेघ मी रोज पन्नास वेळा पाहतो आणि रोज पन्नास वेळा ओलांडतो. दोन पट्ट्या पाकिटात घातल्या, स्टँडवर जाऊन अमरावतीच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दिल्या आणि गाडीचा नंबर पोरीला कळवला. औषधं, डबे, विसरलेले चष्मे, आमच्याकडे सगळं असंच जातं.

पुढच्या महिन्यात तीन पट्ट्या. मग चार. सोबत ॲसिडिटीच्या दोन. मी दुकानात बसून सगळ्यांना सांगायला लागलो, "आपली अमरावतीले शाखा उघडली ना! पोट्टी चालवते. मागणी वाढून राहिली." शेजारचा स्टेशनरीवाला म्हणायचा, "शेवटी रक्त कोणाचं हाये!" मी मान डोलवायचो.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. दुसऱ्या कोणी गिऱ्हाइकानं दर महिन्याला पट्टी वाढवत नेली असती, तर मी चष्म्यावरून पाहून विचारलं असतं, काहून बापा, एवढ्या कोणाले लागून राहिल्या? तेवढी अक्कल या धंद्यात येते. पण घरचं गिऱ्हाईक होतं. शिवाय त्यामागे मला स्वतःची थोरवी दिसत होती. अशा वेळी माणूस चष्मा पुसतसुद्धा नाही.

हे दीड वर्ष चाललं.

मग एका सकाळी अमरावतीहून फोन आला. नंबर अनोळखी. आवाज खणखणीत.

"काका, मी तुमच्या पोरीची रूममेट. अकोटची. एक विचारू का?"

"विचार ना बेटा."

"तुमी तिले एवढ्या गोळ्या काहून पाठवून राहिले?"

मी हसलो. "अवं, तुमच्या हॉस्टेलसाठीच तर! तुले नाई भेटल्या का?"

मग ती म्हणाली, "काका, मले एक गोळी नाई भेटली. कोणालेच नाई भेटली. स्टँडवरून पाकीट आणाले मी जातो दर वेळेस. त्या सगळ्या तीच खाते."

माझ्या समोर खोकल्याच्या औषधासाठी एक म्हातारा उभा होता. त्याला मी दोनदा सुटे पैसे दिले. त्यानं जादाचे परत केले, तो भला माणूस.

काय झालं होतं ते अकोटवालीनं एका दमात सांगितलं. आदल्या दिवशी त्यांचं सर्व्हेचं प्रॅक्टिकल होतं, कॉलेजमागच्या माळावर. या प्रॅक्टिकलला जोड्या असतात. एकीनं आकड्यांची उंच पट्टी सरळ उभी धरायची, दुसरीनं लांबून दुर्बिणीतून त्या पट्टीवरचा आकडा वाचायचा. पट्टी माझ्या पोरीकडे होती. अकोटवाली दुर्बिणीला डोळा लावून ओरडत होती, "सरळ धर ना व! हालवून काहून राहिली?" मग दुर्बिणीतून पट्टीच गेली. पोरगी खाली बसली होती, तिथंच ओकली, आणि बाकीच्या उभी करायला गेल्या तर डोळे फिरले.

"मॅडम म्हणल्या ऊन लागलं," अकोटवाली म्हणाली. "ऊन कुठलं काका? सकाळचे साडेआठ. दर महिन्याले हेच चालते. दोन दिवस आधीपासून वाकून चालते. बाथरूमात जाऊन बसते, नळ सोडून, का आमाले आवाज नाई आला पायजे. रेक्टरले सांगते मेसचं जेवण बाधलं. म्या म्हणलं घरी सांग, तर माह्या गळ्याची शपथ घातली. काल रात्रभर विचार केला. शपथ मोडली तर मोडली. काय व्हायचं ते माह्या गळ्याले होऊ दे."

आणि यावर मी काय बोललो असेन? मी औषधवाला. मी म्हणालो, "थांब. त्यापेक्षा जोरदार गोळी येते दुसरी. आजच्या गाडीनं टाकतो."

"काका," ती म्हणाली, "गोळी नोका बदलू. डॉक्टरले दाखवा. म्या नंबर लावला आज दुपारचा. ती नाई म्हणून राहिली, घरी कळलं तर बाबा कॉलेज सोडवतील म्हणते. म्या तिले सांगतलं, तू आली तर चालत येशीन, नाई आली तर उचलून नेईन. तुमी या."

कॉलेज सोडवतील, हे ऐकून मी मनाशी म्हटलं, असं मी कधी म्हणालो? अमरावतीच्या गाडीत बसलो आणि वाटेत मूर्तिजापूर येईपर्यंत मला ते आठवलं. शब्दन् शब्द आठवला.

लेडी डॉक्टरच्या दवाखान्यात मी पोचलो तेव्हा दोघी बाकावर बसल्या होत्या. पोरीच्या पोटावर हॉस्टेलची गरम पाण्याची रबरी पिशवी होती आणि ती ओढणीनं झाकली होती. आमच्या घरचीच सवय. मला पाहून ती म्हणाली, "एवढं काई नाई बाबा. हिनं उगाच बोलावलं तुमाले." अकोटवाली म्हणाली, "हो ना, काईच नाई. काल माळावर झोप लागली होती तिले."

नंबर आला. मी हक्कानं उठून आत गेलो. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे न पाहता पोरीला विचारलं, "आत कोण थांबलेलं चालेल तुला?" पोरीनं मैत्रिणीकडे बोट केलं. मी आल्या पावली बाहेर येऊन, बाळाला स्तनपान कसं करावं याचं भिंतीवरचं चित्र लक्षपूर्वक पाहत उभा राहिलो.

पंधरा मिनिटांनी मला बोलावलं, तेही साक्षीदार म्हणून. डॉक्टरबाईंनी विचारलं, "गोळ्या तुम्ही देत होता? कोणत्या?"

इथं माझं ज्ञान उपयोगी पडणार म्हणून मी सावरून बसलो. औषध, त्याची मात्रा, सोबतचं पोटातले पेटके सैल करणारं औषध, सगळं धडाधड सांगितलं.

"दिवसाला किती घ्यायच्या असतात?"

"तीन. आठ-आठ तासांनी. जेवणानंतर."

"ही सहा घेते. उपाशीपोटी, कारण तेव्हा जेवण जात नाही. आणि दुखणं शिगेला पोचल्यावर घेते, म्हणून उपयोग होत नाही, म्हणून परत घेते. पोटात जळजळ होते ती या गोळ्यांचीच. तीन दिवसांच्या वर अशा खायच्या नसतात, हे तुम्ही गिऱ्हाइकांना सांगता का?"

मी म्हटलं, "सांगतो."

"हिला सांगितलं?"

विचारता विचारताच त्या लिहायला लागल्या होत्या. रक्ताची तपासणी आणि पोटावरून सोनोग्राफी. सोनोग्राफीसाठी लघवीची पिशवी भरलेली लागते, म्हणून पोरीला लिटरभर पाणी प्यायला लावून आम्हाला बाहेर बसवलं.

अकोटवालीनं केसपेपर उलटासुलटा करून पाहिला. "काय लिहिलं व हे? मुंग्या चालल्यासारखं. काका, तुमाले वाचता येते ना?"

हा माझा प्रांत. मी पेपर घेतला आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागलो, काउंटरवर वाचतो तसा. वय एकोणीस. पाळी सुरू तेराव्या वर्षी. दर अठ्ठावीस दिवसांनी, पाच-सहा दिवस. दुखणं पहिल्यापासून, गेली तीन वर्षं वाढत. पाळीच्या दोन दिवस आधी सुरू होतं. कंबर, मांड्यांपर्यंत. त्या दिवसांत शौचाला बसताना चाकू फिरवल्यासारखं. उलट्या. दोनदा चक्कर. महिन्याला दोन ते तीन दिवस कॉलेज बुडतं. दुखणं दहापैकी नऊ.

'शौचाला'पाशी माझा आवाज खाली आला होता. 'दहापैकी नऊ' मी मनातच वाचलं. तीन वर्षं म्हणजे दीड वर्ष तर माझ्या घरात, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. बारावीच्या परीक्षेत एका पेपरला ती वीस मिनिटं उशिरा गेली होती आणि मी तिला आळशी म्हणालो होतो, हेही कुठूनसं आठवलं. ते केसपेपरवर लिहिलेलं नव्हतं.

"आईले तरी सांगायचं," मी म्हटलं.

"सांगतलं होतं," पोरगी पाण्याची बाटली खाली ठेवून म्हणाली. "आई म्हणाली मलेही व्हायचं, लग्नानंतर आपोआप जाते. मंग मी म्हणलं, सगळ्यांचंच असं असते, आपल्यालेच सहन होत नाई."

"माह्यं नाई असं," अकोटवाली म्हणाली. "मले दुखते, मी दोन शिव्या देतो आन् कॉलेजात जातो. ओकत नाई पडत."

सोनोग्राफी झाली. रिपोर्ट तासाभरात हातात आला. मी बाहेरच उघडला. गर्भाशय नॉर्मल. दोन्ही अंडाशयं नॉर्मल. गाठ नाही. मी पेपर हवेत हलवत म्हणालो, "काईच नाई निघालं! सगळं नॉर्मल!" समोरच्या दुकानात पेढे घ्यावेत असंही मनात आलं.

पोरगी रडायला लागली. मला वाटलं, आनंदानं. मी तिच्या पाठीवर थाप मारत म्हणालो, "पायलं? उगाच घाबरत होतीस."

अकोटवालीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी थाप अर्धवट सोडली. "काका, ती त्याच्यासाठीच रडून राहिली. काईच नाई निघालं म्हणजे आता सगळे म्हणतील नाटक करते. तुमी तर म्हणलंच."

आम्ही पुन्हा आत गेलो. या वेळी पोरीनं मला आत येऊ दिलं. डॉक्टरबाईंनी रिपोर्ट पाहिला, बाजूला ठेवला आणि पोरीलाच म्हणाल्या, "यात दिसलं नाही म्हणजे दुखत नाही असं नाही. तू खोटं सांगत नाहीयेस, हे मला आधीच माहीत आहे."

मग त्यांनी कागदावर गर्भाशयाचं चित्र काढलं. गर्भाशयाच्या आतून एक अस्तर असतं, ते दर महिन्याला सुटून रक्तासोबत बाहेर पडतं, ती पाळी. काहींच्या बाबतीत तसंच अस्तर गर्भाशयाच्या बाहेर वाढतं. अंडाशयावर, गर्भाशयाच्या मागे, आतड्याजवळ. पाळीच्या दिवसांत तेही सुजतं, तिथंही रक्त येतं, पण त्याला बाहेर पडायला वाट नाही. म्हणून आजूबाजूला दाह होतो, म्हणून शौचाला बसताना दुखतं. याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. मोठी गाठ असली तर सोनोग्राफीत दिसते. बारीक ठिपके दिसत नाहीत. पक्कं बघायचं तर दुर्बिणीनं पोटात पाहावं लागतं, पण लगेच तिथं जायची गरज नाही. लक्षणं अशी बोलकी असली की संशयावरच उपचार सुरू करतात.

दुर्बीण म्हटल्यावर अकोटवाली पोरीला कोपर मारून म्हणाली, "पायलं? आपण सर्व्हेवालेच बरे. आमच्या दुर्बिणीत पहिले दिसलं." पोरगी रडता रडता हसली. डॉक्टरबाईंना काही कळलं नाही.

मग त्यांनी पोरीचा रक्तदाब घेतला. अर्धं डोकं दुखून डोळ्यांपुढे प्रकाशाच्या रेघा येतात का? नाही. घरात कुणाच्या पायात रक्ताची गाठ झाली होती? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नाही. मग त्यांनी औषध लिहिलं. माझी नजर त्या अक्षरांवर होतीच. पेन उचलायच्या आत मी नाव वाचलं.

ती गोळी मी विकतो. खालच्या कप्प्यात ठेवतो. मूल नको म्हणून बायका घेतात ती. लग्न न झालेली मुलगी ती मागायला आली की मी काहीच बोलत नाही, पण काही न बोलण्याचेही प्रकार असतात आणि माझा प्रकार काही चांगला नव्हता.

"मॅडम," मी म्हटलं, "याच्याऐवजी दुसरं काही..."

"का? काय त्रास होतो या गोळीचा?"

"तसा नाही... थोडी मळमळ, पहिले काही महिने मधेमधे डाग."

"बरोबर. मग?"

पोरगी माझ्याकडे पाहत होती. मला एकदम कळलं की या खोलीत ती डॉक्टरांच्या नाही, माझ्याच उत्तराची वाट पाहत आहे. औषधाच्या पट्टीवर लाल रेघ असते, तशी ही होती, फक्त ही ओलांडायची मला सवय नव्हती.

"काही नाही," मी म्हटलं. "रोज एकाच वेळेस घ्यायची. विसरायची नाई."

डॉक्टरबाईंनी बाकीचं सांगितलं. गोळी मध्ये खंड न पाडता घ्यायची, म्हणजे पाळीच कमी वेळा येईल आणि ते बाहेरचं अस्तरही शांत राहील. पुढे मूल व्हायला या गोळीनं अडचण येत नाही, हे त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं. दुखण्याची गोळी बंद नाही, पण खाऊन, पहिली कळ आली तेव्हाच, दिवसाला तीनच. तपासणीत रक्त कमी निघालं होतं, त्यासाठी लोहाची गोळी. एका पायात सूज आली, छातीत दुखलं, तर थांबायचं नाही, लगेच यायचं. तीन महिन्यांनी दाखवायचं. फरक नाही पडला तर एमआरआय, आणि मग दुर्बिणीचा विचार.

बाहेर आल्यावर मी सवयीनं म्हणालो, औषधं अकोल्याहून पाठवतो. पोरगी म्हणाली, "नोको. इथूनच घेतो." रस्त्यापलीकडे दुकान होतं. ती गेली, चिठ्ठी दिली, पट्टी घेतली. दुकानदार पेपर फाडायला लागला, तर ती म्हणाली, "गुंडाळू नका, राहू द्या." मी या बाजूला उभा राहून दुकानदाराचं तोंड पाहत होतो. तो माझ्यासारखाच होता.

स्टँडवर माझी गाडी लागली. पोरीनं विचारलं, "मंग? सामान बांधू का?"

"कायचं सामान?"

"तब्येतीची तक्रार आली का घरी, म्हणले होते तुमी."

मी म्हटलं, "म्या लय काही म्हणतो. तुले कोणी सांगतलं ऐकायले?"

"बाप्पा!" अकोटवाली म्हणाली. "आधी सांगायचं ना काका. दीड वर्ष वाया गेलं आमचं."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं, 'पाळी' हा शब्द वापरून. ती आधी दचकली. मग तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मलेही शौचाला तसंच व्हायचं." लग्नाला चोवीस वर्षं झाली आमच्या. ती म्हणाली होती लग्नानंतर जातं. गेलं का, हे मी विचारलं. "तिच्या जन्मानंतर कमी झालं," ती म्हणाली. "गेलं नाई."

तीन महिन्यांनी पोरगी दाखवायला गेली तेव्हा तिच्यासोबत बायको गेली. मला कुणी बोलावलं नाही. पहिले दोन महिने मधेच डाग पडत होते, एकदा ती गोळी विसरली होती. पण दुखणं दहापैकी तीन-चारवर आलं होतं, उलटी नाही. डॉक्टर म्हणाल्या, हेच चालू ठेवू, नजर ठेवू, कायमचं गेलं असं समजू नका. सर्व्हेचं राहिलेलं प्रॅक्टिकल तिनं पुन्हा दिलं. अकोटवालीनं दुर्बिणीतून काढलेला फोटो मला पाठवला. त्यात पट्टी सरळ आहे, पट्टी धरणारीचं डोकं कापलं गेलं आहे.

मध्यंतरी मी पोरीला विचारलं, दुखण्याच्या पट्ट्या पाठवू का? ती म्हणाली, "बाबा, आता खरंच मागून राहिल्या हॉस्टेलच्या पोरी. तिघी आल्या होत्या माह्याकडे."

"मंग पाठवतो ना!"

"नोका पाठवू. दोघींले डॉक्टरकडे घेऊन गेलो आमी. तिसरी नाई म्हणून राहिली. तिले माही रूममेट उचलून नेणार हाये."

स्टेशनरीवाल्यानं एकदा विचारलं, काय म्हणते अमरावतीची शाखा? मी म्हटलं, बंद झाली. तो हळहळला. तेवढ्यात एक बाई त्याच गोळ्यांच्या दोन पट्ट्या मागायला आली आणि मी चष्म्यावरून पाहून विचारलं, "कोणासाठी? किती महिन्यांपासून लागून राहिल्या?"

"तुमाले काय करायचं?" बाई म्हणाली आणि पलीकडच्या दुकानात गेली.

'डॉक्टरले दाखवा' म्हणत मी तिच्या मागे रस्त्यापर्यंत गेलो होतो. स्टेशनरीवाला अजून ते सगळ्यांना सांगतो.